वेगानुसार वाढणारा आवाज आणि लाउडनेस: महामार्गावर दोन्ही एकत्र कसे बसवावेत?

अजिंक्यपायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त सातारा ते पुणे असे माझे नियमित जाणे-येणे असते आणि वाटेत अभंग व नाट्यसंगीत ऐकणे हा त्या प्रवासातला माझा सर्वात मोठा आनंद आहे. गाडी पेट्रोलवरची लहान हॅचबॅक आहे. कंपनीने दिलेला डेक तसाच ठेवून मी बाहेरून चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि दारांतले नवे स्पीकर बसवून घेतले आहेत. डेकमध्ये वेग वाढला की आवाज आपोआप वाढवणारी SVC नावाची सोय असून तिला Off, Low, Mid आणि High असे चार टप्पे आहेत. त्याशिवाय लाउडनेसचे बटण वेगळे आहे.

अडचण अशी की पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याच्या गर्दीत हळू चाललो असताना तबला भरदार ऐकू येतो, क्वचित डग्गा थोडा अंगावरही येतो. मात्र महामार्गावर ८०-९० चा वेग धरला की SVC आवाज वाढवते, गायकाचा स्वर आणि हार्मोनियम कानाला टोचू लागतात आणि डग्गा मात्र जवळजवळ नाहीसा होतो. चाटेवरचे बोल तेवढे टक्-टक् असे शिल्लक राहतात. SVC अजून वाढवून High वर नेली, तर टोचणे वाढले, डग्गा काही परत आला नाही. लाउडनेस बंद केला तर गावात सगळे पोकळ वाटते.

या दोन सोयी एकमेकींच्या आड येतात का? येत असतील तर महामार्गासाठी नेमके काय ठेवावे?

वाटसरू_कराड

माझे मत सरळ आहे. दोन्ही बंद ठेवावेत, बास पाचवर ठेवावा आणि व्हॉल्यूमचा खटका आपल्या हाताने फिरवावा. कोणत्या वेळी किती आवाज हवा ते यंत्रापेक्षा आपला कान अधिक चांगले जाणतो. मी वर्षानुवर्षे असाच ऐकतो आहे.

उंब्रजकर

वेगानुसार आवाज म्हणजे ८० च्या वर गेल्यावर टूं टूं वाजते तेच ना? आमच्याही गाडीत आहे. तासवडे टोलनाका सोडला की सुरू होते आणि घरची मंडळी वैतागतात. तो आवाज कमी करता येतो का, हे कोणी सांगितले तर फार बरे होईल.

अजिंक्यपायथा (सातारा)

उंब्रजकर दादा, ती वेगाची सूचना वेगळी. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली, ८० च्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सलग वाजते. मी विचारतो आहे ते गाण्याच्या आवाजाबद्दल. वेग वाढला की डेक आपोआप गाणे मोठे करतो, ती सोय.

खर्जसाधना (सांगली)

गाड्यांमध्ये ध्वनियंत्रणा बसवणे हा माझा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या दोन सोयी दोन वेगळ्या कारणांसाठी जन्माला आल्या. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर, म्हणजे खर्जाचा भाग, मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडले. लाउडनेस ही त्याचीच भरपाई आहे. व्हॉल्यूम कमी असताना ती खर्ज उचलून देते, बहुतेक डेकमध्ये थोडा ट्रेबलही उचलते, आणि व्हॉल्यूम वाढत जाईल तशी ही उचल कमी करत नेते. कारण मोठ्या आवाजात कानाला त्या मदतीची गरज उरत नाही.

SVC चा हेतू वेगळा. वेग वाढला की टायरचा आणि रस्त्याचा आवाज वाढतो, त्याला मागे टाकण्यासाठी ती व्हॉल्यूम वाढवते. टोयोटाच्या गाड्यांत ही सोय ASL या नावाने असते, फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये GALA, ह्युंदाईमध्ये SDVC. काम साधारण एकच.

आता गाठ कुठे पडते ते पाहा. महामार्गावरचा गाडीतला गोंगाट प्रामुख्याने खालच्या पट्टीत असतो, त्याचा मोठा भाग तीन-चारशे हर्ट्झच्या खाली भरलेला असतो. हा गोंगाट सर्वात आधी गिळतो तो डग्ग्याला आणि तानपुऱ्याच्या खर्जाला. गायकाच्या आवाजातला जो भाग शब्द स्पष्ट करतो तो एक ते तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्याला त्या मानाने फारसा धक्का लागत नाही. SVC मात्र सगळ्या पट्ट्या सारख्याच उचलते. डग्गा परत ऐकू यावा म्हणून तिने सहा डेसिबल वाढवले, तर ज्या आवाजाला वाढीची गरजच नव्हती तोही सहा डेसिबलने चढतो. तुम्हाला टोचते ते हे.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते. व्हॉल्यूम चढला की लाउडनेस खर्जाची उचल काढून घेते. म्हणजे बाहेरचा गोंगाट खर्ज गिळतो आहे नेमक्या त्याच वेळी तुमचा डेकही खर्ज कमी करतो आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. या दोन सोयी महामार्गावर एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

पेठनाका_विशाल

मग उपाय सोपा झाला की. महामार्गावर खर्ज कमी पडतो आणि लाउडनेस खर्ज वाढवतो, तर महामार्गावर लाउडनेस कायम High वर ठेवायचा आणि SVC बंद करायची. इतके मोजमाप कशाला?

खर्जसाधना (सांगली)

विशाल, महामार्गावर खर्ज वाढवायला हवा हा तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. पण तो लाउडनेसने वाढत नाही. लाउडनेस तुम्ही High वर ठेवली तरी ती व्हॉल्यूमच्या आकड्याकडे पाहून काम करते, गाडीतल्या गोंगाटाकडे पाहून नव्हे. तुम्ही हाताने व्हॉल्यूम चढवलात की ती आपली उचल कमी करणारच. आणि High वर ठेवल्यामुळे गावात, हळू आवाजात, डग्गा घुमायला लागेल ते वेगळेच.

मिरजेची_तानपुरा

खर्जसाधना दादा, एक शंका आहे. लाउडनेस व्हॉल्यूमच्या आकड्याकडे पाहते असे आपण म्हणता, पण व्हॉल्यूमचा आकडा म्हणजे कानावर पडणारा आवाज नव्हे. माझ्या गाडीत आकडा १२ वर असताना जेवढा आवाज होतो, तेवढा भावाच्या गाडीत २२ वर होतो. मग कोणत्या आकड्याला किती उचल द्यायची हे डेकला कसे कळणार?

खर्जसाधना (सांगली)

ताई, आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. डेकला ते कळत नाही. तो गृहीत धरतो की आकडा लहान म्हणजे आवाज लहान. ॲम्प्लिफायर बसवताना त्याचा गेन जास्त ठेवला असेल तर आकडा ९-१० वर असतानाच गाडी दणाणते. डेक मात्र हा हळू आवाज आहे असे समजून खर्जाची पूर्ण उचल चालू ठेवतो. अजिंक्यपायथा यांना गावात डग्गा अंगावर आल्यासारखा वाटतो, त्याचे मूळ मला इथेच दिसते. बाहेरून ॲम्प बसवलेल्या बहुतेक गाड्यांत मला हेच आढळते, कारण दुकानात गाडी उभी असताना गिऱ्हाइकाला लहान आकड्यावर मोठा आवाज ऐकवला की ते खूश होते.

ब्लूटूथचाही इथे संबंध येतो. फोनचा स्वतःचा आवाज अर्ध्यावर ठेवला असेल तर डेकचा आकडा आपण जास्त चढवतो आणि लाउडनेसची उचल आपोआप कमी होते. त्याच गाडीत रेडिओ लावला की लहान आकड्यावर पुरेसा आवाज येतो आणि उचल परत वाढते. म्हणून काहीही मोजण्याआधी फोनचा आवाज पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ ठेवावा आणि तिथून हलवू नये.

अजिंक्यपायथा, तुमच्या गाडीत कोणत्या आकड्याला लाउडनेस किती उचल देते हे कळण्यासाठी पुढील मोजणी करा. ६३ हर्ट्झ आणि १००० हर्ट्झ असे दोन सूर असलेल्या फाइली फोनमध्ये घ्या. सूर पूर्ण ताकदीचे नसावेत, पूर्ण पातळीपेक्षा २० डेसिबल खाली रेकॉर्ड केलेले असावेत, नाहीतर स्पीकर उगाच ताणला जाईल. शांत जागी गाडी उभी करून इंजिन आणि पंखा बंद करा. दुसऱ्या एखाद्या फोनवर आवाजाची पट्टीवार आकृती दाखवणारे ॲप उघडून तो फोन चालकाच्या डोक्याच्या उशीला बांधा. SVC बंद, बास आणि ट्रेबल शून्यावर. आधी लाउडनेस बंद ठेवून दोन्ही सुरांतला फरक लिहा, मग लाउडनेस चालू करून व्हॉल्यूमच्या वेगवेगळ्या आकड्यांवर तोच फरक पुन्हा लिहा. फोनच्या माइकला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे खरे आहे, पण आपण दोन वाचनांतली वजाबाकी पाहतो, त्यामुळे माइकची ती उणीव दोन्हीकडे सारखी येऊन निघून जाते. फक्त ॲप आवाजाची पातळी स्वतःहून कमी-जास्त करणारे नसावे.

एक सावधगिरी. साधे डेसिबल मीटर सहसा dBA दाखवते आणि त्या मापात १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलने कमी धरला जातो. महामार्गाची गडगड त्यात दिसतच नाही. म्हणून पट्टीवार आकृतीच पाहा.

बोगदा_ते_बोगदा

मूळ प्रश्नाशी जवळचा असा माझा एक अनुभव नोंदवतो. माझ्या गाडीत बाहेरून बसवलेला अँड्रॉइड डेक आहे. त्याला गाडीच्या वेगाची तार जोडलेली नाही, तो जीपीएसवरून वेग ओळखतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो की उपग्रहाचा संपर्क तुटतो आणि काही क्षणांत डेकला वाटते की गाडी थांबली. गाण्याचा आवाज खाली येतो. आणि बोगद्यात तर भिंतींवरून परतणारा गोंगाट बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. बाहेर पडल्यावर काही वेळाने आवाज पुन्हा अचानक चढतो, तेही नेमके वळणावर, जिथे लक्ष रस्त्यावरच हवे. मी ती सोय बंदच करून टाकली आहे.

खर्जसाधना (सांगली)

तुमच्या डेकच्या मागच्या वायरिंगमध्ये वेगाच्या संकेतासाठी वेगळी तार आहे का ते पाहा, काही डेकमध्ये ती दिलेली असते. गाडीच्या बाजूने वेगाचे स्पंद देणारी तार मिळाली तर जोडता येते. नव्या गाड्यांत मात्र वेगाची माहिती तारेवर स्पंदांच्या रूपात न येता डेटाच्या रूपात येते. तिथे गाडीच्या मॉडेलला जुळणारी डबी मध्ये बसवावी लागते. वॉरंटी चालू असताना तारा सोलण्याच्या भानगडीत पडू नये.

घाटमाथा_डिझेल

वेगावर अवलंबून असलेल्या सोयीची आणखी एक मर्यादा. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढायचा असतो. पुढे मालट्रकची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग जेमतेम ३०, आणि माझे डिझेल इंजिन पूर्ण आवाजात. SVC ला वाटते गाडी हळू चालली आहे, आवाजाची गरज नाही. प्रत्यक्षात इथेच काही ऐकू येत नाही. वातानुकूलनाचा पंखा चौथ्या टप्प्यावर असला तरी तेच, कारण पंख्याचा गोंगाट वेगाशी बांधलेला नाही. ज्या गाड्यांत आत माइक ठेवून खरा गोंगाट ऐकला जातो तिथे हा प्रश्न येत नाही म्हणतात.

खर्जसाधना (सांगली)

बोसच्या AudioPilot या पद्धतीत तसा माइक असतो. ती काही ठरावीक गाड्यांतच कंपनीकडून बसवून येते. आपल्या हाती असलेल्या साध्या SVC ला घाटात सांगणारे कोणी नाही, तिथे हातानेच दोन आकडे चढवावेत.

दारबंद_इस्लामपूर

सगळे आवाज वाढवण्याच्या मागे लागले आहेत. गोंगाट कमी करावा असे कोणी का म्हणत नाही? मी चारही दारांना आणि डिकीला डॅम्पिंगचे पत्रे लावून घेतले आणि आता मला कोणत्याच सोयीची गरज भासत नाही. आधी हे करा, बाकीचे नंतर.

खर्जसाधना (सांगली)

दारांना पत्रे लावल्याने दाराच्या पातळ पत्र्याची थरथर थांबते, त्यामुळे दारातला स्पीकर स्वच्छ वाजतो आणि खर्जही सुधारतो. तुमचे समाधान बरेचसे त्यातून आलेले असणार. टायरची गडगड मात्र मुख्यतः चाकांच्या कमानींतून आणि तळातून आत येते. तिथे काम न करता केवळ दारे झाकली तर महामार्गावर खालच्या पट्टीतला गोंगाट थोडासाच कमी होतो. टायरमधली हवा कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त भरली असेल तर ती योग्य करून घ्या. त्याला खर्च नाही.

दारबंद_इस्लामपूर

माझ्या गाडीत तरी फरक थोडासा नाही, चांगला जाणवतो. मोजलेला नाही हे मान्य, पण रोज ऐकणारा मीच आहे.

मिरजेची_तानपुरा

आमच्या घरी सर्व जण ख्याल ऐकणारे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जवळपास बोलते, म्हणजे ती महामार्गाच्या गडगडीत पूर्ण बुडते. त्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख असे की विलंबित आलापीतले हळू स्वर आणि द्रुत तानांतले मोठे स्वर यांत फार अंतर असते. आलाप ऐकू यावा एवढा आवाज ठेवला तर तानेला दचकायला होते. SVC याला काही करू शकते का?

खर्जसाधना (सांगली)

नाही ताई, करू शकत नाही. SVC सगळे गाणे एकाच प्रमाणात उचलते, हळू आणि मोठे यांतले अंतर तेवढेच राहते. त्यासाठी हळू भाग वर आणि मोठा भाग खाली आणणारी वेगळी सोय लागते. काही संगीत ॲपमध्ये आवाज एकसारखा ठेवण्याचे पर्याय असतात, पण त्यांपैकी बरेच एका ध्वनिमुद्रणाची दुसऱ्याशी पातळी जुळवतात, एकाच ध्वनिमुद्रणातला चढउतार तसाच ठेवतात. मी स्वतः महामार्गावर विलंबित ऐकायचे सोडून भजन, नाट्यपदे असे लावतो, पण ही माझी निवड झाली.

मिरजेची_तानपुरा

मी विलंबित सोडणार नाही. सकाळी लवकर निघते आणि ७० च्या वर जात नाही. त्या वेगाला तानपुरा ऐकू येतो.

खर्जसाधना (सांगली)

याहून चांगला उपाय मलाही देता येणार नाही. टायरचा गोंगाट वेग दुप्पट झाला की साधारण ९ ते १२ डेसिबलने वाढतो. त्या हिशेबाने ९० वरून ७० वर येताच जवळपास ४ डेसिबलची सुटका होते, आणि तीही थेट खर्जाच्या पट्टीत.

अजिंक्यपायथा (सातारा)

खर्जसाधना यांनी सांगितल्याप्रमाणे मोजणी केली, ती इथे देतो. लाउडनेस बंद असतानाच्या फरकाशी तुलना करता, लाउडनेस चालू केल्यावर ६३ हर्ट्झला व्हॉल्यूम ८ वर ९ डेसिबलची उचल मिळते. १२ वर ७, १६ वर ४, २० वर जेमतेम १ आणि २४ च्या पुढे काहीच नाही.

माझे गावातले ऐकणे ९-१० या आकड्यावर होते आणि महामार्गावर १४-१५ वर. म्हणजे गावात ८-९ डेसिबल जादा खर्ज, तोही आवाज मुळात पुरेसा मोठा असताना.

मग SVC ची परीक्षा घेतली. धाकट्या भावाला चालवायला बसवून मी मागच्या बाजूला फोन धरून बसलो. आकडा १४ वर स्थिर ठेवला, SVC Mid वर. उभ्या गाडीत आणि ९० च्या वेगात, दोन्ही वेळा सुरांची आकृतीतली टोके वाचली. १००० हर्ट्झचा सूर ५ डेसिबलने चढला. ६३ हर्ट्झचा मात्र दोन-अडीच डेसिबलनेच, जरी रस्त्याच्या गडगडीमुळे ते टोक हलत होते आणि सरासरी घ्यावी लागली. याचा अर्थ माझा डेक SVC ने केलेली वाढ हीसुद्धा व्हॉल्यूमची वाढ धरतो आणि तेवढ्या प्रमाणात लाउडनेस कमी करतो, असा मी घेतला. बरोबर आहे ना?

खर्जसाधना (सांगली)

तुमच्या डेकपुरते बरोबर आहे. सगळे डेक असे नसतात. काहींमध्ये लाउडनेस फक्त खटक्याचा आकडा पाहते आणि SVC ची वाढ त्यानंतर जोडली जाते. तिथे दोन्ही सूर सारखेच चढतात. पुस्तिकेत हे कुठेच लिहिलेले नसते, मोजूनच पाहावे लागते.

आता बदल असा करा. लाउडनेस, SVC, बास सर्व बंद ठेवून ॲम्पचा गेन एवढा खाली आणा की गावातला तुमचा नेहमीचा आवाज १६ च्या आसपास मिळेल. तिथे लाउडनेस ४ डेसिबल देते, हळू ऐकण्याला ती पुरेशी आहे. महामार्गावर तुम्ही २१-२२ वर जाल, तिथे लाउडनेस स्वतःहून संपलेली असेल. म्हणजे ती चालू ठेवली तरी महामार्गावर तिची लुडबुड राहणार नाही आणि SVC ला तिच्याकडून काढून घेण्यासारखे काही उरणार नाही.

महामार्गासाठी लागणारा खर्ज मग इक्वलायझरमधून द्या. डेकमध्ये स्वतःची मांडणी साठवण्याची जागा असेलच, तिला महामार्गाची मांडणी करा. १०० हर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबल चढवा आणि SVC Mid वरून Low वर आणा. ५० हर्ट्झ चढवू नका. साडेसहा इंची दारातला स्पीकर तिथे फारसा बोलत नाही, नुसता आत-बाहेर हलतो आणि वरचे स्वर बिघडवतो. डग्ग्याचा जो भाग त्या स्पीकरला देता येतो तो ८० ते १५० च्या दरम्यानचाच.

खर्ज ३ डेसिबल चढवला की त्या पट्टीत ॲम्पला दुप्पट ताकद लागते आणि ६ चढवला की चौपट. यामुळे मर्यादा ओलांडली का ते असे ओळखा. डग्ग्याच्या प्रत्येक जोरदार घावाबरोबर गायकाचा लांबवलेला स्वर क्षणभर खरखरीत होतो का, ते ऐका. होत असेल तर आवाज फाटतो आहे. खर्ज एक-दोन डेसिबल उतरवा, SVC ला दोष देऊ नका.

वाटसरू_कराड

शेवटी निघाले काय, तर बास चढवा आणि व्हॉल्यूम वाढवा. मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हटले होते.

खर्जसाधना (सांगली)

दिशा तुमची बरोबर होती, हे मी मनापासून मान्य करतो. फरक इतकाच की बास कायम पाचवर ठेवला तर गावात थांबल्यावर तो जादा होतो, आणि व्हॉल्यूम प्रत्येक वेळी हाताने फिरवायचा तर महामार्गावरून नजर हटते. गेन नीट बसला की SVC Low ते काम हळूच करते.

अजिंक्यपायथा (सातारा)

गेन उतरवला आणि महामार्गाची मांडणी साठवली. आता आनेवाडीच्या अलीकडे-पलीकडे ९० वर डग्ग्याचा घुमारा ओळखू येतो. उभ्या गाडीत येतो तेवढा नाही, पण ठेका धरता येतो. हार्मोनियम टोचायची थांबली. गावात डग्गा अंगावर येत नाही.

दोन गोष्टी उरल्या. पहिली, टोलनाक्यावर वेग उतरल्यानंतर SVC आवाज खाली आणायला काही क्षण घेते, ते तसेच आहे, मात्र Low वर असल्यामुळे खिडकी उघडताना शेजारच्याला दचकवण्याइतका राहत नाही. दुसरी, पेठहून सांगलीला जाताना काँक्रीटचा रस्ता लागला की त्याच ८० च्या वेगाला वेगळाच सरसर आवाज येतो आणि या मांडणीत शब्दच कमी ऐकू येऊ लागतात. डांबरी रस्त्यावर असे होत नाही.

पेठनाका_विशाल

आमच्या रोजच्या रस्त्यावरचा हा अनुभव मलाही आहे. काँक्रीटवर बास वाढवून काही उपयोग होत नाही, उलट अजून गिचमिड होते.

खर्जसाधना (सांगली)

खोबणी पाडलेल्या काँक्रीटवर टायरचा आवाज वरच्या पट्टीत, हजार हर्ट्झच्या आसपास, जास्त भरतो. तिथे शब्द झाकले जातात, डग्गा नव्हे. वेग तोच असल्याने SVC ला हा फरक समजण्याची सोय नाही. मी त्या पट्ट्यात महामार्गाची मांडणी काढून साध्या मांडणीवर येतो आणि व्हॉल्यूम दोन आकडे चढवतो. तिसरी मांडणी साठवावी का, याबाबत माझे आणि माझ्या दुकानातल्या मुलांचे एकमत नाही. ते म्हणतात दीड-दोन हजार हर्ट्झला दोन डेसिबल चढवून काँक्रीटसाठी वेगळी ठेवावी. मला भीती अशी वाटते की तीच मांडणी चुकून डांबरी रस्त्यावर राहिली तर हार्मोनियम पुन्हा टोचेल. अजिंक्यपायथा, आपण दोन्ही करून पाहा आणि भावाला चालवायला बसवूनच पाहा.

मिरजेची_तानपुरा

मी याच रस्त्याने जाते. दोन हजारला दोन डेसिबल चढवून पाहिले. बंदिशीचे शब्द उघडले, पण तानपुऱ्याची जवारी रुक्ष वाटू लागली. मला तरी नुसते दोन आकडे चढवणेच बरे वाटले.